अकरा महिन्यांचे गणित आणि चुकणाऱ्या तारखा

मे महिना उजाडला की पुण्या-मुंबईच्या उपनगरांत टेम्पोंची वर्दळ वाढते. शाळांच्या सुट्या, नोकरीतील बदल्या आणि संपत आलेले भाडेकरार या तिन्ही गोष्टी एकाच सुमारास येतात. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात याच काळात खटके उडतात, आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा भाड्याच्या रकमेत नसून तारखेत असते. करार नेमका कधी संपतो, वाढीव भाडे कोणत्या दिवसापासून लागू होते, नोटिशीचा महिना कोठून मोजायचा, याविषयी दोघांच्याही मनात निरनिराळे हिशेब असतात.

मुळात अकरा हाच आकडा का, याचे उत्तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली. ती टाळण्यासाठी मुदत एका महिन्याने आखूड ठेवण्याची युक्ती देशभर रुळली. महाराष्ट्रात तिला आणखी एका भीतीची जोड मिळाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना मुंबई भाडे कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण दिले आणि दिलेले घर परत मिळणार नाही ही धास्ती मालकांच्या मनात कायमची बसली. लहान मुदत, तीही 'लिव्ह अँड लायसन्स'ची, हा त्यावरचा उतारा ठरला.

गंमत अशी, की महाराष्ट्रात या युक्तीचे मूळ कारण केव्हाच संपले आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन, सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून मोठी मेख पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले याविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरीही नोटरीचा शिक्का मारलेला शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा 'अकरा महिन्यांचा करार' सर्रास चालतो. नोटरीकडे केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे मालकाला बहुधा वाद उद्भवल्यावर कळते.

मुदत कशी सरकते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. कोथरूडमधील दोन खोल्यांचे घर, भाडे महिना २२ हजार, अनामत एक लाख. करारावर सह्या २४ मे २०२५ रोजी झाल्या, मुदत १ जून २०२५ पासून. अकरा महिने ३० एप्रिल २०२६ रोजी संपतात. नवा करार १ मे २०२६ पासून झाला, तर तो ३१ मार्च २०२७ ला संपेल. त्यापुढचा २९ फेब्रुवारी २०२८ ला आणि चौथा ३१ जानेवारी २०२९ ला. म्हणजे शाळेची सुटी पाहून घेतलेले घर तिसऱ्या कराराअखेर ऐन परीक्षेच्या तोंडावर रिकामे करण्याची पाळी येऊ शकते. हे चक्र पुन्हा १ जूनवर येईपर्यंत अकरा वर्षे जातात आणि त्या अवधीत बारा करार होतात.

भाडेवाढीचा हिशेबही याच सरकण्यामुळे फसवा होतो. 'दर नूतनीकरणाला पाच टक्के' हे वाक्य ऐकणाऱ्याला वार्षिक पाच टक्के वाटते. प्रत्यक्षात वाढ अकरा महिन्यांनी लागत असल्याने वर्षाचा दर साधारण साडेपाच टक्क्यांच्या आसपास जातो. दहा टक्के ठरले असतील, तर अकराच्या जवळ. रक्कम फार मोठी नसेल, पण नोकरदाराची पगारवाढ बारा महिन्यांनी होते आणि भाडेवाढ अकरा महिन्यांनी, हे सहसा कोणी मोजत नाही.

मुदत लांबवणे शक्य असूनही ती लांबवली जात नाही, याला सवय हेच कारण असावे. लिव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. त्यावरचे मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि अनामतीवरील दहा टक्के दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. वरील घराचे, पाच टक्के वाढ धरून, अकरा महिन्यांचे तीन करार केले तर शुल्क सुमारे १,९७५ आणि नोंदणीचे तीन हजार, म्हणजे ३३ महिन्यांसाठी पाच हजारांच्या घरात खर्च येतो. ३६ महिन्यांचा एकच करार केला, तर शुल्क सुमारे २,१५५ आणि नोंदणीचे एक हजार मिळून सव्वातीन हजारांच्या आत भागते. एजंटचे पैसेही तीनदा द्यावे लागत नाहीत.

मात्र अशा दीर्घ करारात भाडेवाढीची तारीख हा वेगळा प्रश्न उभा राहतो. 'दर वर्षी पाच टक्के वाढ' एवढेच लिहिले, तर वर्ष कोणते? जानेवारीचे, एप्रिलचे की कराराचे? आणि वाढ मूळ भाड्यावर की चालू भाड्यावर? २२ हजारांवर तिसऱ्या वर्षी मूळ भाड्याच्या हिशेबाने २४,२०० येतात, चालू भाड्याच्या हिशेबाने २४,२५५. पंचावन्न रुपयांसाठी कोणी न्यायालयात जात नाही; पण अनामत परत करताना हेच पंचावन्न रुपये बारा महिन्यांनी गुणून पुढे येतात. करारात टक्केवारीऐवजी महिना १ ते १२, १३ ते २४ आणि २५ ते ३६ असे टप्पे करून प्रत्येकापुढे रक्कम लिहिली, की दोन्ही प्रश्न मिटतात. बँकेला दिलेली दरमहाची सूचना ही दुसरी नेहमीची चूक. वाढीची तारीख उलटूनही जुनीच रक्कम जात राहते, मालकही पाहत नाही, आणि घर सोडताना दरमहा ११०० रुपयांची थकबाकी एकदम निघते. (पागडीच्या जुन्या भाडेकरूंचे गणित निराळे आहे. त्यांच्या मालकांना कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ करण्याचा हक्क दिला आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात भाडेवाढीपूर्वी तीन महिन्यांच्या लेखी नोटिशीची कल्पना आहे. तथापि तो राज्यांसाठीचा नमुना असून आपोआप लागू होत नाही.)

सर्वाधिक गोंधळ नोटिशीचा. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मुदत पूर्ण होऊन परवाना संपला, तर राहण्याचा अधिकार त्या तारखेलाच संपतो. कलम २४ नुसार मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कोथरूडच्या घराबाबत मे २०२६ या एका महिन्याचे ४४ हजार. 'नोटीस कोठे दिली होती?' हा बचाव येथे चालत नाही. लेखी करारातील मजकूर त्या कलमाखाली निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून त्यात छापलेली अखेरची तारीखच महत्त्वाची. काही करारांत केवळ '१ जूनपासून अकरा महिने' असते. कायद्याच्या भाषेत 'पासून' म्हटले की तो दिवस वगळून मोजण्याची रीत आहे, आणि एका दिवसाचा वाद तयार होतो. सुरुवात आणि शेवट, दोन्ही दिवस धरून, आकड्यांत लिहिणे हाच त्यावर उपाय.

मुदतीच्या आत घर सोडायचे, तर नोटिशीचे कलम लागू होते. समजा, वरील करारात पहिले सहा महिने लॉक-इन आहे आणि त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपले. भाडेकरूची बदली झाली; त्याने १० डिसेंबरला मालकाला फोन केला, ई-मेल मात्र २० डिसेंबरला पाठवली आणि १० जानेवारीला किल्ल्या दिल्या. त्याच्या मते महिना पूर्ण झाला. मालकाच्या मते लेखी नोटीस २० तारखेची, ती २० जानेवारीला संपते, आणि दहा दिवसांचे सुमारे ७,१०० रुपये अनामतीतून वजा होतात. कागदाप्रमाणे पाहिले, तर मालकाची बाजू वरचढ आहे. कित्येक करारांत 'पूर्ण कॅलेंडर महिना' असे शब्द असतात. तसे असते, तर भाडे ३१ जानेवारीपर्यंतचे द्यावे लागले असते. नोटीस पाठवल्याच्या दिवसापासून की मिळाल्याच्या, हेही कलमात शोधावे. जुन्या मसुद्यांत 'रजिस्टर पोस्टाने' असे लिहिलेले असते. ती स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे नव्या करारात ई-मेलचा पत्ता आणि स्पीड पोस्ट, दोन्ही नोंदवलेले बरे.

राहिला प्रश्न या तारखा लक्षात ठेवण्याचा. मोबाइलमधील 'दर वर्षी' आठवण करून देणारी सोय अकरा महिन्यांच्या कराराला निरुपयोगी आहे, कारण दुसऱ्याच खेपेला ती एक महिना उशिरा वाजते. आठवण 'दर अकरा महिन्यांनी' अशी लावावी लागते. एकाहून अधिक घरे सांभाळणाऱ्यांना संगणकावरील साधा तक्ता पुरतो. B2 या चौकटीत सुरुवातीची तारीख लिहिली, तर B3 मध्ये मुदतीचा शेवटचा दिवस आणि B4 मध्ये महिन्याची नोटीस पोहोचण्याची अखेरची तारीख अशी निघते:

```
B3: =EDATE(B2,11)-1
B4: =EDATE(B3+1,-1)-1
```

१ जून २०२५ दिल्यास उत्तरे ३० एप्रिल आणि ३१ मार्च २०२६ येतात. सुरुवात महिन्याच्या २९, ३० किंवा ३१ तारखेची असली, की फेब्रुवारीत हे सूत्र गडबडते. ३१ मार्च २०२५ पासूनचा करार ते २७ फेब्रुवारी २०२६ ला संपवते. किल्ली मधल्या तारखेला मिळाली, तरी त्या सुट्या दिवसांचे भाडे वेगळे घेऊन करार पुढच्या एक तारखेपासून लिहिण्याची पद्धत म्हणूनच सोयीची. मात्र ते सुटे दिवसही करारात नमूद असावेत, नाहीतर त्या काळात घर कोणत्या हक्काने ताब्यात होते, याला उत्तर राहत नाही.

तक्त्यात आणखी एक तारीख हवी, जी सहसा कोणी लिहीत नाही. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याची चार महिन्यांची मुदत सह्यांच्या दिवसापासून मोजली जाते, मुदत सुरू होण्याच्या दिवसापासून नव्हे. कोथरूडच्या करारासाठी ती २४ सप्टेंबर २०२५ होती. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरून दस्त सादर करता येतो. हा दंड नोंदणी शुल्काच्या दहा पटींपर्यंत असू शकतो. तोवर अकरा महिन्यांपैकी जवळपास आठ उलटून गेलेले असतात.