मृत्यूच्या तारखेवर ठरणारा मुलीचा हिस्सा

दिल्लीच्या वेशीवरील गावात जमीनधारकाचे निधन झाले की कुटुंबाला दोन कागदांमागे धावावे लागते, आणि पहिला मिळाला की दुसरा आपोआप हाती येईल असा समज असतो. पहिला कागद म्हणजे महसूल कार्यालयाने दिलेला हयात सदस्यांचा दाखला. त्यात विधवा, मुलगा, विवाहित मुलगी अशी सर्वांची नावे येतात. दुसरा दाखिल-खारिज, म्हणजे आपल्याकडचा फेरफार. दाखला नाते सांगतो. जमीन कोणाकडे जाते हे सांगत नाही.

समजा, दिल्लीत सहा बिघे शेतजमीन असलेल्या एका हिंदू भूमिधराच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि एक विवाहित मुलगी आहे, मृत्युपत्र नाही. मृत्यू 2004 मधला असेल, तर दिल्ली भूमी सुधारणा कायदा, 1954 च्या कलम 50 प्रमाणे पुरुष वंशज आधी येतो आणि सहाही बिघे मुलाच्या नावे चढतात. मृत्यू 2006 मधला असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन बिघे येतात. या दोन निकालांमध्ये 9 सप्टेंबर 2005 ही तारीख उभी आहे. हिंदू वारसा कायद्यातील ज्या उपकलमाने असे जमीनविषयक कायदे अबाधित ठेवले होते, ते त्या दिवशी वगळले गेले. 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्मला प्रकरणात त्याचा अर्थ स्पष्ट केला: यापुढे वारसा हिंदू वारसा कायद्याने ठरेल. मात्र ही दुरुस्ती मागे जात नाही. 1997 मधील मृत्यूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्त्री वारसांचे म्हणणे फेटाळले.

म्हणून एकाच घरातील आजोबांच्या मृत्यूचा फेरफार एका नियमाने आणि वडिलांचा दुसऱ्या नियमाने होऊ शकतो. वीस-पंचवीस वर्षे रखडलेल्या नोंदीत तर अर्जाची तारीख पाहिली की फसगत होते. पाहायची ती मृत्यूची.

2006 नंतरच्या मृत्यूतही बहिणीचे नाव गळते, ते निराळ्या वाटेने. भाऊ तिच्याकडून 'हरकत नाही' असे शपथपत्र घेतो आणि अर्जाला जोडतो. स्थावर मालमत्तेतील हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. साध्या शपथपत्राने हिस्सा जात नाही. शिवाय फेरफार हा मालकीचा पुरावा नव्हे, तो महसूल वसुलीसाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. तरीही खतौनीवर एकट्या भावाचे नाव दिसले की खरेदीदार त्यावर विसंबतो, भूसंपादनाचा मोबदलाही त्याच नावाने निघू लागतो, आणि बहिणीला दाव्यासाठी धावाधाव करावी लागते.

माझी मागणी मर्यादित आहे. फेरफाराच्या आदेशात मृत्यूची तारीख आणि लागू केलेला कायदा लिहावा. हयात सदस्यांच्या दाखल्यावर नाव असलेल्या प्रत्येकाला नोटीस पोहोचल्याशिवाय, सासरी राहणाऱ्या मुलीलासुद्धा, नोंद मंजूर करू नये. ज्या कार्यालयाकडे तो दाखला आहे, त्याला तिचा पत्ता विचारणे अवघड नाही.