पूर्वीच्याच गोळ्या चालू ठेवा

साठीच्या एक आजी. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. एप्रिलमध्ये जुलाब-उलट्यांनी त्या एका रुग्णालयात दाखल झाल्या, चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी गेल्या. नवव्या दिवशी मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तेव्हा पायांवर सूज होती, लघवी कमी झाली होती आणि रक्तातले क्रिएटिनिन 3.1 होते. या वयाच्या बाईत ते साधारण एकच्या आसपास असायला हवे. मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून दिले. त्यावर निदान होते, सलाइन दिल्याची नोंद होती आणि सल्ल्याच्या जागी तीन अक्षरे होती: सीएसटी.

मुंबईचे स्टेशन नव्हे. 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', म्हणजे आहेत तेच उपचार चालू ठेवा, याचे हे वॉर्डातले लघुरूप आहे. रोजच्या नोंदीत ते चालून जाते, कारण तिथे आदल्या दिवशीचे पान लगेच मागे असते. डिस्चार्ज कार्डाच्या मागे पान नसते. आजींनी आणि त्यांच्या मुलाने त्याचा सरळ अर्थ घेतला, की घरातल्या पूर्वीच्या गोळ्या चालू ठेवायच्या.

त्या घरातल्या गोळ्या तीन होत्या. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक. जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड आतल्या रक्तवाहिन्यांची रुंदी कमी-जास्त करून गाळण्याचा दाब कसाबसा टिकवते. टेल्मिसार्टन आणि डायक्लोफिनॅक नेमकी हीच धडपड दोन वेगवेगळ्या बाजूंनी मोडून काढतात. मूत्रपिंड मंदावले की मेटफॉर्मिन शरीरात साठते आणि रक्तातले आम्ल वाढण्याचा धोका निर्माण होतो. दाखल असताना सलाइन दिले गेले आणि तिन्ही गोळ्या आपोआप थांबल्या, म्हणून क्रिएटिनिन 2.8 वरून 1.4 वर आले होते. मूत्रपिंड अजून सावरत असतानाच घरी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

उपचार योग्यच झाले होते. चुकला तो कागद, आणि तो बहुधा एखाद्या इंटर्नने लिहिला असणार. एमबीबीएसची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर वर्षभराची जी सक्तीची इंटर्नशिप असते, तिच्यात वॉर्डाच्या लिखाणाचा मोठा भाग या मुलामुलींवर पडतो. त्यांना न्यूमोनियाची कारणे पाठ असतात. डिस्चार्ज कार्ड कसे लिहावे, हे मात्र त्यांना शेजारी बसून शिकवलेले मी क्वचितच पाहिले आहे. अक्षर वाईट असते, हा दोष मला दुय्यम वाटतो. सुवाच्य अक्षरात लिहिलेले सीएसटीसुद्धा तितकेच घातक ठरले असते.

या कार्डाची चूक खरे तर पहिल्या दिवशीच्या केसशीटमध्ये झाली होती. मुलाने नंतर त्याची प्रत मिळवली, ती मी वाचली. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. पूर्वीच्या औषधांच्या रकान्यात 'बीपी, शुगरच्या गोळ्या चालू' एवढेच होते. डायक्लोफिनॅकचा पत्ताच नव्हता, कारण आजींच्या लेखी ती 'औषध' नव्हती, ती 'दुखायची गोळी' होती. माहिती कोणी सांगितली, आजींनी, मुलाने की शेजारणीने, याचीही नोंद नव्हती. सोलापुरात ही ओळ फार मोलाची असते. इथल्या सिव्हिलमध्ये एकाच वॉर्डात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारे रुग्ण असतात. अक्कलकोटच्या पलीकडून, धाराशिवहून, कर्नाटकाच्या सीमेवरून लोक येतात. अशा ठिकाणी कोणत्या भाषेत विचारले आणि दुभाषा कोण होता हे लिहिले, की पुढचा डॉक्टर ओळखतो की ही माहिती एकदा पुन्हा विचारायला हवी.

मी इंटर्नला सांगतो, गोळ्यांची नावे विचारू नकोस, पाकिटे मागव. ती घरी असतील तर मुलाला फोनवर फोटो पाठवायला सांग. मग विचार, दुखण्याची, झोपेची, पोटाची गोळी घेता का, आणि शेवटची कधी घेतली. 'तीन दिवसांपासून जुलाब' असे लिहिण्याऐवजी तारीख लिही, कारण हा कागद कोणी महिन्याने वाचेल. प्रत्येक नोंदीला वेळ आणि सही हवी. चूक झाली तर खोडरबर किंवा पांढरी शाई नको, एक रेघ मारून बाजूला सही कर, खालचे वाचता आले पाहिजे. आणि पोट तपासले नसेल तर 'पोट मऊ' लिहू नकोस. रिकामी जागा निदान खोटे बोलत नाही.

एवढे हाती असले की डिस्चार्ज कार्ड अवघड राहत नाही. आजींच्या कार्डावर मी काय लिहिले असते? निदान एका ओळीत: जुलाबांमुळे पाणी कमी होऊन मूत्रपिंडाला आलेला तात्पुरता ताण. क्रिएटिनिन दाखल होताना 2.8, जाताना 1.4, दोन्ही तारखांसह. जातानाचा रक्तदाब आणि वजन. त्यानंतर औषधे, आणि इथेच कार्डाचा खरा जीव आहे. टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम थांबवली आहे, कारण मूत्रपिंड. मेटफॉर्मिन थांबवली आहे, त्याच कारणाने. साखरेसाठी तोवर काय घ्यायचे ते. डायक्लोफिनॅक बंद, परत घेऊ नये. आठवड्याने अमुक तारखेला क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे, आणि तो अहवाल पाहून पहिल्या दोन गोळ्या सुरू करायच्या की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. एखाद्या तपासणीचा अहवाल यायचा असेल तर तो कोणता आणि कोणाकडून घ्यायचा, हेही. शेवटी मराठीत दोन ओळी: लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा पुन्हा जुलाब लागले तर लगेच या. आजींना मराठी वाचता येत नसेल, पण मुलाला येते.

हे सारे अर्ध्या पानात बसते. चाळीस रुग्णांच्या वॉर्डात वेळ कुठून आणायचा, असे इंटर्न विचारतात आणि त्यांचे खरेच आहे. कार्ड लिहायला घेतात तेव्हा नातेवाईक शेवटच्या एसटीसाठी दाराशी उभे असतात. त्या दहा मिनिटांत चार दिवसांची केसशीट उलटून काढणे कोणालाच जमणार नाही. म्हणून कार्डाची सुरुवात दाखल होण्याच्या दिवशीच करावी. कोरा कागद केसशीटला जोडून ठेवायचा आणि एखादे औषध थांबवले की त्याच क्षणी तिथे एक ओळ लिहायची. जाण्याच्या दिवशी उरते ते फक्त शेवटचे आकडे आणि सही. ती सही निवासी डॉक्टरने वाचून करावी, हे माझ्या मते सक्तीचे हवे. आज बऱ्याच ठिकाणी ती न वाचता होते, आणि त्याचा दोष इंटर्नवर टाकणे सोयीचे असते.

आजींचे क्रिएटिनिन खाली यायला या खेपेस तीन आठवडे लागले. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यावर सुनेने आता तेलुगूत चिठ्ठी चिकटवली आहे. दुखायची गोळी बंद, असे तिने लिहिले आहे, आणि खाली माझ्याकडून तारीख घालून घेतली.