वेग तोच, ठोके मात्र चढतेच!

उन्हाळा आला की पळणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला. ‘वेग वाढवला नाही, रस्ता सपाट, तरी घड्याळातले ठोके वर का सरकतात? फिटनेस गेला की काय?’ घाबरू नका राव. या प्रकाराला कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट म्हणतात, आणि तो वाचता आला तर भलताच कामाचा आहे.

वाळूजला नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राचे आकडे घेऊ. मे महिन्यात तो सकाळी सव्वासहाला गारखेड्याच्या क्रीडा संकुलात ८० मिनिटं पळला. किलोमीटरला साडेसहा मिनिटं, शेवटपर्यंत तोच वेग. वॉर्मअपची पहिली १० मिनिटं सोडून दिली आणि उरलेल्या ७० मिनिटांचे आम्ही दोन भाग केले. पहिल्या ३५ मिनिटांत ठोके सरासरी १४२, पुढच्या ३५ मिनिटांत १५६. म्हणजे जवळपास १० टक्के वाढ. संपूर्ण रनची सरासरी पाहिली असती तर ही गोष्ट दिसलीच नसती!

आता हे होतं कसं? पायांना दर मिनिटाला ठरावीक रक्त लागतं. पहिल्या भागात हृदय एका ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त ढकलत होतं असं धरू. १४२ ठोक्यांना झालं १४.२ लिटर. मग घाम जातो, रक्तातलं पाणी कमी होतं. अंग थंड करायला काही रक्त त्वचेकडे वळतं. शरीर तापल्यामुळे ठोके वाढतात आणि दोन ठोक्यांमध्ये हृदयाला भरायला वेळही कमी मिळतो. एका ठोक्याला ९१ मिलिलिटरच निघायला लागले, तर तेवढ्याच १४.२ लिटरसाठी १५६ ठोके लागतात. हिशोब जुळला?

आपल्याकडची गंमत अशी, की मे महिन्यातल्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. टी-शर्ट फारसा भिजत नाही, त्यामुळे पाणी गेलंय हे कळतच नाही. म्हणून वजनकाटा वापरा. मित्राचं वजन आधी ७० किलो, नंतर ६८.८. मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायला होता. म्हणजे सुमारे दीड लिटर घाम गेला!

काहीजण म्हणतात, ‘ड्रिफ्ट आहे ना, मग सोडून द्या.’ इथे मात्र माझं पटत नाही. २००५ साली जोनाथन विंगो आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंना ३५ अंश तापमानात ४५ मिनिटं एकाच नेटाने सायकल चालवायला लावली. पंधराव्या मिनिटापासून शेवटपर्यंत ठोके सुमारे १२ टक्के वाढले, आणि शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमताही सुमारे १९ टक्क्यांनी घटली. म्हणजे वेग तोच असला तरी तो झेपवणं खरोखर जड झालेलं असतं. ‘सोपा रन’ तोपर्यंत सोपा राहिलेला नसतो.

मग करायचं काय? त्या दिवशी दम वाढवणारा सोपा रन ठरला असेल, तर ठोके धरा आणि वेग सोडा. मित्राने पुढच्या रविवारी १४२च्या आसपास राहायचं ठरवलं, तर शेवटी वेग किलोमीटरला सात मिनिटांच्या पुढे गेला. जाऊ द्या की! ऊन चढायच्या आत पळा, वाटेत घोट घोट पाणी प्या. रोज उन्हाची थोडी सवय केली, तर दहा-चौदा दिवसांत शरीर बरंच जुळवून घेतं.

फिटनेस तपासायचा असेल तर मेची तुलना मेशीच करा. हाच मित्र डिसेंबरच्या गारव्यात त्याच ट्रॅकवर, त्याच वेगाने पळाला तेव्हा आकडे होते १३९ आणि १४३, म्हणजे वाढ फक्त तीन टक्के. कोच लोक पाच टक्क्यांच्या आतला ड्रिफ्ट चांगला मानतात, पण तो ठोकताळा अशा गार हवेसाठी. गारव्यातही दहा टक्के येत असेल, तर तो वेग तुम्हाला अजून जड आहे.

घड्याळावरही डोळे झाकून विश्वास नको. ड्रिफ्ट हळूहळू चढतो. ठोके एका मिनिटात १४५वरून थेट १७०वर गेले आणि तुमची पावलंही मिनिटाला १७०च पडत असतील, तर मनगटावरचा सेन्सर बहुधा पावलं मोजतोय. छातीचा पट्टा लावून खात्री करा.

आणि एक गोष्ट पक्की. उन्हात पळताना थंडी वाजली, अंगावर काटा आला, डोकं गरगरलं किंवा बोलणं अडखळलं, तर आकडे बघत बसू नका. तिथेच थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता आणि सोबत्याला हाक मारा. बोलणं अडखळत असेल तर थेट दवाखाना गाठा. छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे पडले, तरी तेच. तो ड्रिफ्ट नव्हे.