सोलरचा सांगाडा उसाच्या सावलीत नको

मंडळी, सोलर पंप बसवायला आलेला ठेकेदार म्हणतो, "काका, उत्तरेच्या बांधाला लावू, रान वाया जात नाही." ऐकू नका. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि नेमका तेव्हाच ऊस 10 फूट झालेला असतो. पॅनेलची खालची कड 3 फुटांवर धरली, तर वरच्या 7 फूट उसाची सावली सकाळी नऊला तिरकी 15 फूट जाते. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात. खालची पट्टी झाकली तरी पंप मरगळतो. म्हणून दक्षिणेला आणि दोन्ही अंगांना 15 फूट ऊस नको, तिथं हरभरा करा. रान वाया गेलं कुठं?

काळ्या रानात दोन फुटी खड्डाही मान्य करू नका. उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते, खांब कलतो. भेगांच्या खाली जाईपर्यंत खणायला लावा. मे महिन्यात काँक्रीटभोवती फट दिसली तर ओळंबा लावून बघा.

कुंपण सांगाड्यापासून 5 फूट लांब घ्या, नाहीतर म्हैस खांबालाच अंग घासणार. गवा तारेला जुमानत नाही, म्हणून केबल लोंबती नको, पाईपातून पुरून घ्या.

सही नंतर, आधी टेप धरा.