विश्लेषण : भर उन्हात स्क्रीन काळी दिसते तेव्हा फोटोचा उजेड कसा ओळखावा?

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सकाळी अकराला रापण ओढली जात असते. दोन्ही बाजूंनी दोर खेचत जाळे वाळूवर येते आणि बांगडे उसळू लागतात. तुम्ही मोबाइल वर धरता, पण स्क्रीनवर दिसते ते काळपट चित्र आणि त्यात तुमच्याच चेहऱ्याचे प्रतिबिंब. फोटो अंधारा येणार असे वाटून बोट आपोआप सूर्याच्या खुणेवर जाते आणि उजेड वाढवला जातो. घरी सावलीत बघावे तर लाटेचा फेस कोऱ्या कागदासारखा, आणि बांगड्यांच्या जागी पांढरे डाग. त्या दिवशीची रापण काही परत ओढली जात नाही.

यात चूक डोळ्यांची. किनाऱ्यावरच्या प्रखर उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीनचा उजेड फिका वाटतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर मोबाइल एका विशिष्ट कोनात जवळजवळ काळाच दिसतो. म्हणजे स्क्रीनवरचा अंधार फोटोत असेलच असे नाही. अशा वेळी विश्वास ठेवावा तो हिस्टोग्रामवर, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या डोंगरासारख्या आलेखावर. तो चित्रातले आकडे मोजून काढलेला असतो, त्यामुळे उन्हाने त्यात फरक पडत नाही.

हा आलेख वाचायचा कसा?

डावे टोक म्हणजे पूर्ण काळा, आकडा ० आणि उजवे टोक पूर्ण पांढरा, आकडा २५५. ज्या उजेडाचे ठिपके चित्रात जास्त, तिथे डोंगर उंच. उंचीकडे फार लक्ष देऊ नका. बघायचे ते उजव्या टोकाकडे. डोंगर तिथे उतरून संपला तर फेसातले बारकावे शाबूत आहेत. तो कडेला भिंतीसारखा उभा चिकटला, तर तेवढा भाग पांढराफटक झाला. २५५ च्या पुढे नोंदच नसते, त्यामुळे नंतर एडिटिंगमध्ये उजेड कमी केला तरी तिथे फक्त राखाडी रंग मिळतो, खवले मिळत नाहीत.

रापणीच्या फोटोत सहसा दोन डोंगर दिसतात : डावीकडे ओले जाळे आणि माणसांच्या सावल्या, उजवीकडे फेस, वाळू, मासळी. उजवा डोंगर कडेला चिकटला असेल, तर एक्स्पोजर -०.३, मग -०.७ असे थोडे थोडे खाली आणा आणि डोंगर कडेपासून जरा सुटला की थांबा. सावल्या थोड्या गडद होतील, होऊ द्या. सावलीतले चेहरे नंतर बऱ्यापैकी उजळता येतात. जळालेला फेस परत आणता येत नाही.

डोंगर मधोमध हवा का?

फोटोग्राफी शिकवणारे अनेक जण तसे सांगतात आणि माझ्या मते किनाऱ्यावर सर्वात जास्त फोटो बिघडवणारा सल्ला हाच आहे. कॅमेऱ्याला समोर वाळू आहे की दगड, हे नीट कळत नाही. साध्या मोजणीत तो जे दिसेल ते मध्यम राखाडीकडे ओढतो. तारकर्लीची पांढुरकी वाळू फ्रेमभर घेतली तर डोंगर मध्ये येतो आणि वाळू मळकी दिसते. तिथे उजेड वाढवून डोंगर उजवीकडे न्यायला हवा, फक्त कडेला न चिकटवता. सिंधुदुर्ग किल्ल्याचा काळपट तट फ्रेमभर घेतला तर याच्या उलट : डोंगर मध्ये असेल तर तट धुऊन काढल्यासारखा फिका येतो, त्याला डावीकडेच राहू द्यावे. समोरची वस्तू मुळात उजळ की गडद, हे ठरवायचे तुम्हीच.

मोबाइलवर मिळतो का?

आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात हा आलेख नाही. काही अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये असतो. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ या मोफत ॲपच्या सेटिंगमध्ये तो सुरू करता येतो. कंपन्या स्क्रीन उन्हात अधिकाधिक उजळ करत आहेत, पण त्या उजेडानेही अंदाज चुकतोच. त्यापेक्षा मूळ कॅमेऱ्यातच हा आलेख द्यायला हवा होता.

त्याच्याही मर्यादा आहेत. जळालेला भाग नेमका कुठे आहे हे तो सांगत नाही. फोन एचडीआरमध्ये अनेक फ्रेम एकत्र करतो, तेव्हा अंतिम फोटो आलेखापेक्षा थोडा वेगळा येऊ शकतो. एकच आलेख असेल तर होडीवरच्या भडक लाल झेंड्याचा रंग जळाल्याचेही लपून राहते. लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख असतील तर ते दिसते. आणि पाण्यावर चमकणारे सूर्याचे कवडसे उजव्या कडेला टेकतातच. तिथे बारीकशी रेघ दिसली म्हणून उजेड कमी करत बसू नका. त्या चकाकीत टिपण्यासारखे काही नसतेच.