खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दाखवायला हवा: कुष्ठरोगाचा पहिला चट्टा

डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचं 'निर्मूलन' झालं, असं आपण ऐकतो. मग आशाताई आजही घरोघरी येऊन चट्टे का तपासतात? कारण त्या निर्मूलनाचा अर्थ होता, दर १० हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. रोग संपला असा नव्हे. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात.

समजा, एका गवंड्याच्या हातावर, कोपराच्या खाली, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट चट्टा आला. खाज नाही, वेदना नाही. तो मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणतो. चट्टा तसाच राहतो, पण त्रास नसल्यामुळे विषय मागे पडतो. खरी गडबड इथेच होते.

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेबरोबर नसांमध्ये शिरतात, त्यामुळे चट्ट्यावरची संवेदना कमी होते. तपासणी साधी असते. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, कापसाचं टोक त्वचेला हलकेच लावतात आणि कुठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवायला सांगतात. चांगल्या त्वचेवर तो बरोबर दाखवतो, चट्ट्यावर दाखवत नाही. मात्र प्रत्येक चट्टा बधिर असतोच असं नाही, विशेषतः चेहऱ्यावरचा. म्हणून 'मला तर कळतंय' एवढ्यावर घरीच निकाल लावू नये.

या टप्प्यावर निदान झालं, तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुरू होतं. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील किंवा जंतू सापडले तर बारा महिने. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते.

आता हाच गवंडी दोन वर्षं थांबला असं धरू. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस सुजते. आधी करंगळी बधिर होते, मग ती आणि शेजारचं बोट आत वळू लागतं. हातात चुना-सिमेंट, गरम तवा, विडी. चटका बसलेला कळत नाही, जखम चिघळते. बोटं 'झडतात' असं लोक म्हणतात, ती रोगाने थेट झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी झिजतात.

औषधं जंतू मारतात, मेलेली नस परत आणत नाहीत. नसेचं नुकसान साधारण सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बरंच भरून निघू शकतं. त्यानंतर ती शक्यता घटत जाते. उपचार चालू असतानाही चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नस दुखू लागली किंवा हाताची ताकद कमी झाली, तर ती 'रिअॅक्शन' असू शकते. अनेकजण औषधाचा अपाय समजून गोळ्या बंद करतात. त्या चालू ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.