जोडधंदा की मूनलायटिंग?

जोडधंदा हा मराठीतला सरळ आणि मानाचा शब्द आहे. आपल्या चौक परिसरात, खालापूर-कर्जत तालुक्यांत, एकाच पगारावर चालणारी घरे पूर्वीही कमी होती आणि आजही फार नाहीत. कुणी कारखान्यात पाळी करून भातशेती सांभाळतो, कुणी घरामागे कोंबड्या पाळतो, कुणी नोकरीवरून आल्यावर मुलांच्या शिकवण्या घेतो. याला कुणी लबाडी म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट "पोरगा कष्टाळू आहे" असेच म्हणतात.

तोच पोरगा नवी मुंबईतल्या एखाद्या कंपनीत लागला की त्याच्या हातात पन्नास-साठ पानांचे इंग्रजी धोरणपत्र येते आणि त्यात एक शब्द असतो : मूनलायटिंग. शब्दशः अर्थ चांदण्यात केलेले काम. दिवसाची नोकरी सांभाळून रात्री दुसरी नोकरी करणे, या अर्थाने तो गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रूढ झाला. त्याआधी एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये रात्री टोळ्या करून हल्ले करणाऱ्यांना मूनलायटर म्हणत. म्हणजे शब्दालाच अंधाराचा वास आहे. आपला शब्द कष्टाकडे बोट दाखवतो, हा शब्द लपवण्याकडे. भाषांतर करताना हा फरक गळून पडतो आणि माणूस समजतो, "म्हणजे जोडधंदाच ना!" घोटाळा इथून सुरू होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की धोरणपत्रातल्या या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधू नये. कंपनीने त्याच कागदात जी व्याख्या केली असेल, तोच त्याचा अर्थ. आणि ती व्याख्या कंपनीगणिक बदलते.

चौकातल्याच एका तरुणाने मला त्याचे धोरणपत्र दाखवले. संगणक-सेवा देणाऱ्या कंपनीत तो काम करतो. कंपनीचे नाव इथे नको. त्यातल्या कलमाचे मराठी असे होते : कर्मचाऱ्याने कंपनीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, मोबदला घेऊन वा न घेता, अन्य कोणतीही नोकरी, व्यवसाय किंवा व्यापार करू नये. त्याला पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने रोज रात्री दोन तास संकेतस्थळांची देखभाल करण्याचे काम देऊ केले होते. तो म्हणाला, "चाचा, ऑफिसची वेळ संपल्यावर मी काय करतो याच्याशी त्यांना काय देणेघेणे?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या कलमात वेळेचा उल्लेखच नव्हता. "कामाच्या वेळेत" असे लिहिले असते तर रात्रीचे दोन तास मोकळे होते. इथे बंदी चोवीस तासांची होती. शिवाय "मोबदला घेऊन वा न घेता" हे शब्द पाहा. हा तरुण हाफिज आहे आणि रमजानमध्ये रात्री तरावीह पढवतो. सत्ताविसाव्या रात्री मोहल्ल्याचे लोक जमेल तसा नजराणा देतात. ही नोकरी नव्हे, व्यापारही नव्हे. पण इतके रुंद कलम हातात घेऊन एखादा अधिकारी बसला, तर तो वडिलांच्या भातशेतीपासून तरावीहपर्यंत सगळ्यावर बोट ठेवू शकतो. सगळ्यांनाच थोडेथोडे दोषी ठरवणारे कलम असले की कारवाई कुणावर करायची, हे साहेबाच्या मर्जीवर उरते. माझा आक्षेप यावर आहे.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६० नुसार, एका कारखान्यात काम केलेल्या प्रौढ कामगाराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करू देता येत नसे. कारण उघड आहे, थकलेला माणूस यंत्रापुढे उभा राहू नये. स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्याखालील केंद्रीय नमुना आदेशांतही दुसऱ्या नोकरीचा उल्लेख होता, पण तो मालकाच्या हिताला बाधा आणू शकेल अशा नोकरीपुरता. म्हणजे जुन्या कायद्यांनी बंदी घालताना कारणही जोडले : तिथे थकवा, इथे मालकाचे नुकसान. आजच्या धोरणपत्रांतून बंदी उरली आणि कारण गळाले.

कार्यालयात काम करणाऱ्याच्या बाबतीत प्रश्न बहुधा कायद्यापेक्षा कराराचा असतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ सांगते की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. हे कलम अनेकांना पाठ असते आणि ते त्यावर विसंबून राहतात. त्यांनी कल्याणचा एक खटला माहीत करून घ्यावा.

कर्जतहून लोकलने जिथे पोचतो, त्या कल्याणला सेंच्युरी कंपनीचा रेयॉनचा कारखाना होता. टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचे तंत्र त्यांनी परदेशी कंपन्यांकडून पैसे मोजून घेतले होते आणि ते गुप्त ठेवण्याची हमी दिली होती. निरंजन शंकर गोलिकरी तिथे १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर पाळी-पर्यवेक्षक म्हणून लागले. करारात दोन गोष्टी होत्या : पूर्ण वेळ व शक्ती याच कंपनीला द्यायची, आणि मुदतीआधी सोडले तर उरलेल्या काळात तशाच धंद्यात दुसरीकडे काम करायचे नाही. १९६४ मध्ये ते नोकरी सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९६७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयाचा मुद्दा असा की नोकरीच्या मुदतीत फक्त एकाच मालकाचे काम करण्याची अट ही सर्वसाधारणपणे कलम २७ मधली व्यवसायबंदी ठरत नाही. मात्र ती अट एकतर्फी किंवा अवाजवी कठोर नसावी. गोलिकरींवरची मनाई मर्यादित मुदतीची आणि ठरावीक कामापुरती होती, त्यामुळे त्यांना घरी बसावे लागणार नव्हते, याकडेही न्यायालयाने पाहिले.

हा खटला रात्रीच्या दुसऱ्या नोकरीचा नव्हे. पण त्यातून दोन्ही बाजूंना मोजपट्टी मिळते. नोकर म्हणू शकत नाही की नोकरीत असताना मला कोणतीच अट लागू नाही. आणि मालकानेही ध्यानात ठेवावे की तिथे मनाई टिकली ती आखीव होती म्हणून.

सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे रिशद प्रेमजी यांनी सांगितले की त्यांच्याकडे असताना थेट प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणारे ३०० जण सापडले आणि त्यांना काढले. तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. पण त्याच बोलण्यात त्यांनी हेही मांडले की शनिवार-रविवारी एखाद्या वाद्यवृंदात वाजवायचे असेल किंवा एखादे काम करायचे असेल तर त्याबद्दल उघड बोलता येते. बातमीत ३०० चा आकडा राहिला, हा भेद हरवला.

आता आपल्या तरुणाकडे परत येऊ. त्याच्या पुण्याच्या कामाला आम्ही चार प्रश्न लावले. पहिला, वेळ कुणाची? रात्री नऊ ते अकरा त्याची स्वतःची. पण धोरणपत्रात पुढे होते की महिन्यातून एक आठवडा त्याने रात्री फोनवर हजर राहायचे. त्या आठवड्यात तीच वेळ दोघांना विकली जाणार होती. दुसरा, साधने कुणाची? लॅपटॉप एकच आणि तो कंपनीचा. तिसरा, ग्राहक कुणाचा? पुण्याची कंपनी छोटी असली तरी धंदा तोच. चौथा, केलेल्या कामाची मालकी कुणाची? नोकरीच्या काळात त्या क्षेत्रात तो जे घडवील ते कंपनीचे, असे त्याच्या नेमणूकपत्रात होते, आणि पुण्याच्या करारातही तो जे लिहील ते त्यांचे. एकाच कामाचे दोन मालक. हे चौथे कलम बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि भांडण कोर्टात गेले तर ते तिथेच अडते.

भातशेतीला हेच चार प्रश्न लावा, चारही निकालात निघतात. तरावीहलाही. काम आणि काम यांतला फरक असा कळतो.

"कुणाला कळणार आहे?" हा त्याचा शेवटचा प्रश्न होता. कळते, आणि बहुधा उशिरा कळते. दोन्हीकडे पगारी नोकरी असेल तर दोन्ही ठिकाणचा भविष्यनिर्वाह निधी एकाच यूएएन क्रमांकाखाली जमा होतो आणि दोन नेमणुकांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. पुढची नोकरी धरताना तोच सेवा-इतिहास मागितला जातो. पगाराऐवजी व्यावसायिक शुल्क घेतले तर निधीचा प्रश्न येत नाही, पण त्यावर कापलेला कर पैसे देणाऱ्याच्या नावासह आपल्या वार्षिक कर-विवरणात उमटतो. ते विवरण मालकाला आपोआप दिसत नाही, पण पडताळणीत मागितले तर दाखवावे लागते किंवा नकाराचे कारण द्यावे लागते. आणि ते उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात दाखवले नाही, तर कंपनीशी असलेल्या तंट्यात सरकारचाही तंटा येतो.

म्हणून त्याला सुचवले ते असे. परवानगी तोंडी घेऊ नये, मेलने घ्यावी, आणि साहेबाकडून नव्हे तर मनुष्यबळ विभागाकडून. मेलमध्ये काम कोणते, कुणासाठी, आठवड्याला किती तास, मोबदला आहे की नाही, कंपनीची साधने व माहिती वापरणार नाही, एवढे पाच-सहा ओळींत लिहावे. शेती, शिकवणी, मशिदीतली सेवा यांचाही उल्लेख त्यातच करून "हे धोरणात बसते ना?" असे विचारावे. काम बदलले तर पुन्हा विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर निदान निवड डोळसपणे करता येते. पुण्याचे काम त्याने या स्वरूपात घेऊ नये, असे माझे मत आहे. ते रात्रीचे आहे म्हणून नव्हे. वेळ, लॅपटॉप, धंदा आणि मालकी या चारही जागी ते दुसऱ्याच्या अमानतीवर उभे आहे.

कंपन्यांकडे मात्र एक मागणे आहे. "अन्य कोणतेही काम" असे लिहू नका. प्रतिस्पर्ध्याचे काम नको, आमच्या वेळेत नको, आमच्या साधनांवर नको, आमची माहिती बाहेर नको, हे चार नकार साध्या भाषेत लिहा. त्यापलीकडे शेती, घरचा धंदा आणि विनामोबदला सेवा यांना परवानगी लागत नाही, असेही एक वाक्य घाला. आठवड्याचे सगळे १६८ तास हवे असतील तर पगारही तेवढ्या तासांचा द्यावा लागेल. तो कुणी देत नाही, म्हणून तर चौकातल्या घरांत जोडधंदा आहे.